वार्षिकांकाचे संपादन: शैलीपत्रकापासून शुद्धिपत्रापर्यंत

महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी आलेले साहित्य पहिल्यांदा एकत्र वाचायला बसलात की एक गोष्ट लगेच लक्षात येते. पहिल्या लेखात ‘पुणे विद्यापीठ’ आहे, दुसऱ्यात ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’, तिसऱ्यात ‘सा.फु. पुणे विद्यापीठ’ आणि चौथ्यात नुसतेच ‘विद्यापीठ’. एकाने ‘शिबिर’ लिहिले आहे, दुसऱ्याने ‘शिबीर’. एकाचा लेख ‘असे झाले’ म्हणतो, दुसऱ्याचा ‘असं झालं’, आणि तिसरा एकाच परिच्छेदात दोन्ही म्हणतो. नवखा संपादक अशा वेळी हातात लाल पेन घेऊन पहिल्या पानापासून दुरुस्त्या सुरू करतो. विसाव्या पानापर्यंत पोहोचल्यावर तिसऱ्या पानावर आपण काय ठरवले होते हे त्याला आठवत नाही. मग तो मागे जातो, पुन्हा बदलतो, आणि शेवटी अर्धा अंक एका पद्धतीने आणि अर्धा दुसऱ्या पद्धतीने छापला जातो.

यावरचा उपाय म्हणजे एक कागद. त्याला शैलीपत्रक म्हणतात. बरेच जण सरळ स्टाइलशीट म्हणतात. हा कागद तयार कसा करायचा, त्याच्या आधाराने एक लेख कसा तपासायचा, शीर्षक कसे पारखायचे आणि छापून झाल्यावर चूक सापडली तर काय करायचे, हे मी इथे क्रमाने सांगतो. उदाहरणे मराठी वार्षिकांकाची आहेत, कारण मी काम तिथेच शिकलो.

पहिली पायरी: अडखळलात तिथे नोंद करा

शैलीपत्रक आधी बसून ‘तयार’ करू नका. नियमांची यादी कुठून तरी उतरवून घेतली तर ती वीस पानांची होते आणि कोणी वाचत नाही. त्याऐवजी वेगवेगळ्या तीन जणांचे तीन लेख घ्या, शक्यतो एक अहवाल, एक वैचारिक लेख आणि एक ललित. शेजारी कोरा कागद ठेवा आणि काहीही न बदलता वाचत जा. जिथे ‘हे असे की तसे?’ असा प्रश्न पडेल, तिथे तो शब्द कागदावर लिहा. एवढेच. तीन लेखांत पंचवीस-तीस शब्द सहज निघतात.

आता त्या शब्दांचे तीन ढीग करा.

पहिल्या ढिगात ज्यांचे उत्तर नियमाने आधीच ठरलेले आहे ते शब्द जातात. मराठी साहित्य महामंडळाने केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. हे १८ नियम संपादक मंडळातल्या प्रत्येकाने एकदा तरी शांतपणे वाचायला हवेत. नवख्यांची सर्वांत जास्त गल्लत एकाच ठिकाणी होते, म्हणून तेवढे सांगतो. ‘गरीब’मधला ‘री’ दीर्घ आहे, पण प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: गरिबाला, गरिबांचे. ‘फूल’चे फुलाला होते, ‘वसूल’चे वसुलाला. हे पाहून मुले ‘शरीर’चेही ‘शरिराला’ करतात आणि ‘परीक्षा’चे ‘परिक्षेला’. ते चूक आहे. शरीर, परीक्षा हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले म्हणजे तत्सम शब्द आहेत आणि त्यांचे उपान्त्य म्हणजे शेवटून दुसरे अक्षर प्रत्यय लागल्यावरही बदलत नाही: शरीराला, परीक्षेला. शब्द तत्सम आहे की नाही हे प्रत्येक वेळी कळेलच असे नाही. म्हणून टेबलावर एक कोश हवा. अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ यासाठी सोयीचा आहे, कारण त्यात मूळ शब्दाबरोबर त्याचे सामान्यरूपही दिलेले आहे. कोणताही कोश घ्या, पण सगळ्या मंडळाने तोच वापरायचा. दोन कोश म्हणजे दोन उत्तरे. या ढिगातले शब्द शैलीपत्रकात लिहायची गरज नाही.

दुसऱ्या ढिगात दोन्ही रूपे चालण्यासारखी असतात ते शब्द. ‘अंक’ देवनागरीत की इंग्रजी, ‘५ टक्के’ की ‘५%’, ‘इंटरनेट’ की ‘आंतरजाल’, ‘सोडविला’ की ‘सोडवला’. इथे बरोबर-चूक हा प्रश्नच नसतो, फक्त निवडायचे असते. या शब्दांवर अर्धा तास वाद घालू नका. संपादकाने ठरवावे आणि कागदावर लिहावे.

तिसऱ्या ढिगात नावे. हा ढीग सर्वांत मोठा होतो आणि छापून झाल्यावर सर्वांत जास्त दुखावणाऱ्या चुका इथेच असतात. दुसरा आणि तिसरा ढीग मिळून तुमचे शैलीपत्रक.

कागदावर काय असते

एका पानावर मावणारा नमुना असा दिसतो:

भाषा: अहवाल, मुलाखतीचा प्रास्ताविक भाग आणि वैचारिक लेख ‘असे केले’ रूपात. कुणाचे बोललेले शब्द अवतरणात ‘असं केलं’ रूपात. कथा-ललित लेखकाच्या निवडीप्रमाणे, पण लेखभर एकच.

अंक: देवनागरी. वय, तारीख, रक्कम, गुण, मोजमाप नेहमी अंकांत. बाकी दहापर्यंत अक्षरांत. वाक्याची सुरुवात अंकाने नको.

तारीख: २४ डिसेंबर २०२४. आधी ‘दि.’ नको. वर्ष नेहमी लिहायचे.

रक्कम: १,२५,००० रुपये. ‘रु.’ फक्त तक्त्यात.

नावे: पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव, पुढे आडनाव आणि आदरार्थी क्रियापद. ‘श्री.’, ‘सौ.’ नको, ‘डॉ.’, ‘प्रा.’ पहिल्या उल्लेखात.

संक्षेप: पहिल्यांदा पूर्ण ‘राष्ट्रीय सेवा योजना’, मग रासेयो, रासेयोची (प्रत्यय जोडून).

यातल्या पहिल्या ओळीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्यावर सगळ्यांत जास्त चर्चा होते. संवादात पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ अशी बोली रूपे अनुस्वार देऊन लिहावीत आणि इतरत्र ‘असे केले’ लिहावे, हे त्या अठरा नियमांतच आहे. अलीकडे अनेक लेखक निवेदनातही ‘असं’ लिहितात आणि ते वाचायला छान वाटते. तुमच्या अंकाने तसे ठरवले तर माझी हरकत नाही. हरकत एकाच लेखात ‘असे सांगितलं’ आणि ‘असं सांगितले’ असे दोन्ही येण्याला आहे. आणि एक विनंती: कुणी मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी किंवा आगरी बोलीत लिहिले असेल तर तिथे शैलीपत्रक बाजूला ठेवा. तो लेख ती बोली बोलणाऱ्या माणसाला दाखवा आणि त्याच्याकडून तपासून घ्या. बोलीतले रूप प्रमाणभाषेत ‘दुरुस्त’ करणे म्हणजे लेखकाचे शब्द पुसणे आहे.

नावांबाबत तीन गोष्टी नक्की करा. माणूस स्वतःचे आडनाव जसे लिहितो तसेच लिहायचे: गावित आणि गावीत ही दोन्ही आडनावे आहेत आणि शुद्धलेखनाचा नियम इथे चालत नाही. संस्थेच्या नावाचेही तेच. नियमाप्रमाणे ‘विद्यार्थिमंडळ’ हे रूप बरोबर आहे, पण फलकावर आणि कागदपत्रांत अधिकृत नाव ‘विद्यार्थी विकास मंडळ’ असेल तर ते तसेच राहील. तिसरी गोष्ट काळाची. पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ मध्ये झाला. तेव्हा ‘१९७८ मध्ये त्यांनी मराठवाडा विद्यापीठातून पदवी घेतली’ हे वाक्य बदलू नका. त्या वेळी विद्यापीठाचे नाव तेच होते. आजच्या घटनेत मात्र आजचे पूर्ण नाव. ऐतिहासिक व्यक्तींसाठीही एक रूप ठरवा. जोतीराव, जोतिबा, ज्योतिबा, ज्योतीराव अशी फुल्यांच्या नावाची रूपे एकाच अंकात दिसतात. आम्ही ‘जोतीराव’ निवडले, कारण ते स्वतः तसे लिहीत. अवतरणात आणि संस्थेच्या नावात मात्र मूळ रूप कायम. जुन्या अवतरणांबाबतही नियम आहेच: केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य उद्धृत करताना ते मूळ लेखनानुसार छापायचे. त्यातले अनुस्वार ‘सुधारायचे’ नाहीत.

संगणकावर न दिसणारी विसंगती

हा भाग छोटा आहे, पण माहीत नसला तर तुमचा ‘शोधा आणि बदला’ चुपचाप फसतो. ‘दुसऱ्या’मधला तो खास र दोन प्रकारे टंकलेला असू शकतो. एका प्रकारात ऱ हे वेगळे अक्षर आहे (युनिकोडमध्ये U+0931). दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह (U+200D) असते. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. तुम्ही ‘दुसऱ्या’ शोधले आणि संगणक म्हणाला ‘नाही’, तरी लेखात तो शब्द पाच वेळा असू शकतो. ‘ॲप’मधल्या ॲ चेही तसेच. ‘ऑफिस’चे आणखी वाईट, कारण जुन्या टंकातून युनिकोडमध्ये बदललेल्या लेखांत आ आणि त्यावर सुटी चंद्रकोर अशी जोडी येते आणि काही टंकांत ती तुटलेली दिसते.

उपाय सोपा आहे. लेख हाती आला की शैलीपत्रकात ठरवलेले रूप सोडून उरलेली रूपे आधी एकदा बदलून घ्या, आणि मगच बाकीचे संपादन सुरू करा. चुकीचे रूप हाताने टंकू नका. लेखात जिथे ते दिसते तिथून उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवा. वर्डमध्ये अक्षराच्या लगेच उजवीकडे कर्सर ठेवून `Alt+X` दाबले की त्याचा युनिकोड क्रमांक दिसतो. कोणते रूप आहे ते तिथे कळते.

दुसरी पायरी: एक लेख, तीन वाचने

आता एक अहवाल घेऊ. मी तो सरावासाठी रचला आहे, पण अशा प्रकारचे परिच्छेद दरवर्षी येतात.

*राष्ट्रिय सेवा योजनेचे सात दिवसीय विशेष शिबीर २२ ते २९ डिसेंबर दरम्यान पार पडले. शिबिरात ५० स्वयंसेवकांनी (२८ मुली व २४ मुले) सहभाग घेतला. गावाजवळील ओढ्यावर स्वयंसेवकांनी अथक परिश्रमातुन ६०० गोण्यांचा वनराई बंधारा बांधला, त्यामुळे गावाचा पाणीप्रश्न कायमचा सुटला. समारोप प्रसंगी सरपंच म्हणाले कि ही मुले आमच्या गावाची झाली आहेत. रासेयो ची स्थापना १९६९ मध्ये झाली.*

पहिल्या वाचनात पेन हातात घेऊ नका. फक्त विचारा: हा लेख काय सांगतो? इथे उत्तर आहे, मुलांनी ओढ्यावर बंधारा बांधला. ते तिसऱ्या वाक्यात दडले आहे, आणि स्थापनेचे वर्ष शेवटी उगाच लटकते आहे. ही रचनेची गोष्ट झाली. ती लेखकाशी बोलून बदलायची, परस्पर नाही.

दुसरे वाचन भाषेचे. ‘राष्ट्रिय’चे राष्ट्रीय, ‘शिबीर’चे शिबिर, ‘परिश्रमातुन’चे परिश्रमांतून, ‘कि’चे की, ‘रासेयो ची’चे रासेयोची. ‘समारोप प्रसंगी’ जोडून. ‘२२ ते २९ दरम्यान’मध्ये ‘ते’ आणि ‘दरम्यान’ दोन्ही नकोत. वर्ष नाही, ते घालायचे. वार्षिकांक दहा वर्षांनी उघडणाऱ्याला ‘डिसेंबर’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. ‘अथक परिश्रमांतून’ मी काढून टाकीन, कारण पुढे गोण्यांचा आकडा आहे आणि परिश्रम त्यात दिसतात.

तिसरे वाचन फक्त तथ्यांचे, आणि ते भाषेच्या वाचनाबरोबर करायचे नाही. डोळा एका वेळी एकच काम नीट करतो. २२ ते २९ मोजा: आठ दिवस होतात, सात नाही. २८ आणि २४ मिळवा: ५२, पन्नास नाही. ‘सरपंच म्हणाले’: सरपंच स्त्री आहेत की पुरुष? मराठीत क्रियापदच लिंग सांगते, म्हणून प्रत्येक ‘म्हणाले’ आणि ‘म्हणाल्या’ तपासावा लागतो. पदनामावरून हे कळत नाही आणि काही नावांवरूनही कळत नाही. स्थापनेचे वर्ष बरोबर आहे: योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. उरते सर्वांत महत्त्वाचे वाक्य: ‘पाणीप्रश्न कायमचा सुटला’. वनराई बंधारा म्हणजे माती किंवा वाळू भरलेल्या गोण्या ओढ्याच्या पात्रात रचून केलेला कच्चा बांध. पावसाळ्यानंतर वाहून जाणारे पाणी तो काही काळ अडवतो. पुढच्या पुराने तो वाहून जाऊ शकतो आणि बहुधा पुन्हा बांधावा लागतो. त्याने कुठल्याही गावाचा पाणीप्रश्न कायमचा सुटत नाही. हे वाक्य शुद्धलेखनाच्या दृष्टीने निर्दोष आहे आणि तरीही परिच्छेदातली सर्वांत मोठी चूक तीच आहे.

यातले काहीही अंदाजाने दुरुस्त करायचे नाही. ५० चे ५२ करायचे की २४ चे २२, हे तुम्हाला माहीत नाही. लेखकाला प्रश्न पाठवा, आणि प्रश्न असे विचारा की उत्तर एका ओळीत येईल:

*शिबिरातून परत कोणत्या तारखेला निघालात? हजेरीपटावर किती नावे आहेत? सरपंच बाई आहेत का? पाणी अडल्याचे तुम्ही स्वतः काय पाहिले?*

समजा उत्तरे आली: परत २८ तारखेला निघालो, मंजूर संख्या ५० होती, पण हजेरीपटावर ५२ नावे आहेत, सरपंच बाई आहेत, निघताना बंधाऱ्यामागे गुडघाभर पाणी साठले होते. मग परिच्छेद असा होईल:

*राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) विशेष शिबिरात स्वयंसेवकांनी गावाजवळच्या ओढ्यावर ६०० गोण्यांचा वनराई बंधारा बांधला. शिबिर २२ ते २८ डिसेंबर २०२४ असे सात दिवस चालले आणि त्यात ५२ स्वयंसेवक होते, २८ मुली आणि २४ मुले. शिबिर संपले तेव्हा बंधाऱ्यामागे गुडघाभर पाणी साठले होते. समारोपाच्या वेळी सरपंच म्हणाल्या, “ही मुलं आमच्या गावाची झाली आहेत.”*

स्थापनेचे वर्ष गेले, कारण या लेखात त्याचे काम नव्हते. ‘गुडघाभर पाणी’ हे लेखकाचे स्वतःचे निरीक्षण आहे आणि ते ‘कायमचा सुटला’पेक्षा जास्त सांगते. अवतरणातले ‘मुलं’ शैलीपत्रकाच्या पहिल्या ओळीप्रमाणे आले. सरपंचांचे शब्द अगदी हेच होते का, हेही लेखकाला विचारून घ्यायचे. शब्द नक्की आठवत नसतील तर अवतरणचिन्हे काढून आशय लिहायचा. बदललेला परिच्छेद लेखकाला परत दाखवल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही.

तिसरी पायरी: शीर्षक सर्वांत शेवटी

लेखकाने या अहवालाला शीर्षक दिले होते: ‘रासेयो शिबिराने सोडविला गावाचा पाणीप्रश्न’. मजकूर सुधारला, पण शीर्षक तसेच राहिले, असे फार वेळा होते. मग ज्या दाव्याला लेखात आधार नाही तोच सर्वांत मोठ्या टंकात छापला जातो. म्हणून शीर्षकाची तपासणी मजकूर पक्का झाल्यानंतरच करायची. शीर्षकातल्या एकेका शब्दावर बोट ठेवा आणि मजकुरात त्याचा आधार कुठे आहे ते दुसऱ्या बोटाने दाखवा. ‘सोडविला’ला बोट ठेवायला जागा नाही. नवे शीर्षक ‘५२ स्वयंसेवक, ६०० गोण्या आणि ओढ्यावरचा बंधारा’ असे केले, तर प्रत्येक शब्दाला आधार आहे.

दुसरी कसोटी दुहेरी अर्थाची. शीर्षकात आपण क्रियापद आणि विरामचिन्हे गाळतो, आणि मराठीत शेजारचा शब्द लगेच विशेषण बनतो. ‘ग्रंथालयातील ४० पुस्तके गायब विद्यार्थ्यांची तक्रार’ हे मोठ्याने वाचा. इथे गायब कोण आहे, पुस्तके की विद्यार्थी? ‘गायब’नंतर अर्धविराम दिला की गोंधळ मिटतो. पण मजकूर पाहिला तर पडताळणीत ती पुस्तके ‘सापडली नाहीत’ एवढेच आहे. ‘गायब’मध्ये चोरीचा वास येतो आणि ग्रंथालयातल्या माणसांवर विनाकारण बोट जाते. तेव्हा ‘पडताळणीत ४० पुस्तके सापडली नाहीत, विद्यार्थ्यांची तक्रार’ हेच बरे.

तिसरी कसोटी पान लागल्यानंतरची. शीर्षक दोन ओळींत मोडते तेव्हा पहिली ओळ एकटी वाचली जाते.

फीवाढ रद्द
न झाल्यास आंदोलन

वरची ओळ बातमीच्या नेमकी उलट सांगते. टंक थोडा लहान करून ‘फीवाढ रद्द न झाल्यास’ एका ओळीत आणा. हे फक्त पानजुळणीनंतर दिसते, म्हणून शेवटच्या प्रुफात सगळी शीर्षके परत पाहायची.

त्याच वेळी एक साधे काम करा: सर्व शीर्षके, उपशीर्षके, छायाचित्रांखालच्या ओळी आणि अनुक्रमणिका एका कागदावर शेजारी-शेजारी उतरवा. अनुक्रमणिका बहुधा आधी बनते आणि शीर्षक नंतर बदलते, त्यामुळे दोन्हीकडे वेगळी नावे राहतात. लेखकाचे नाव अनुक्रमणिकेत एका तऱ्हेने आणि लेखावर दुसऱ्या तऱ्हेने असते. आणि मोठ्या टंकातली चूक खरोखर दिसत नाही, कारण डोळा तो शब्द एका घासात गिळतो. शीर्षक उजवीकडून डावीकडे, एकेक अक्षर वाचले की वेलांटी-उकार पकडता येतात.

चौथी पायरी: छापल्यानंतर सापडलेली चूक

मी संपादक मंडळात होतो त्या वर्षी एका छायाचित्राखाली दोन मुलींच्या नावांची अदलाबदल झाली. एकीला राज्यस्तरीय पारितोषिक मिळाले होते आणि छापले गेले दुसरीचे नाव. आम्ही अंकाच्या शेवटी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे आधीच छापले होते आणि तेवढ्यावर थांबलो. ती मुलगी अंक घरी नेऊ शकली नाही. त्या ओळीने तिचे नाव परत मिळत नव्हते. ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ हा शिष्टाचार आहे. ती दुरुस्ती नव्हे.

दुरुस्तीत तीन गोष्टी लागतात: चूक कुठे झाली, काय छापले गेले आणि बरोबर काय आहे. कारणे, सबबी नकोत. चूक संपादकाची असेल तर तिला ‘मुद्रणदोष’ म्हणू नका. छापखान्यावर ढकलणे अप्रामाणिक आहे. भारतीय प्रेस परिषदेची पत्रकारितेच्या आचाराची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात की चूक लक्षात आली की ती तत्परतेने आणि ठळकपणे दुरुस्त करावी आणि गंभीर असेल तर खेद व्यक्त करावा. लंडनच्या ‘द गार्डियन’ने १९९७ पासून दुरुस्त्यांचे रोजचे सदरच सुरू केले, ‘द हिंदू’ने २००६ मध्ये वाचकांसाठी स्वतंत्र संपादक नेमला.

आपल्या अहवालाकडे परत या. समजा अंक छापून आल्यावर ग्रामपंचायतीतून कळले की गोण्या ६०० नव्हे, ४५० होत्या. ६०० हा कुणाचा तरी अंदाज होता. आता ही चूक तीन ठिकाणी आहे: मजकुरात, शीर्षकात आणि अनुक्रमणिकेत. दुरुस्ती अशी लिहा:

*दुरुस्ती: पान ३४ वरील शिबिराच्या अहवालात, त्याच्या शीर्षकात आणि अनुक्रमणिकेत वनराई बंधाऱ्यासाठी ६०० गोण्या वापरल्याचे छापले आहे. प्रत्यक्षात ४५० गोण्या वापरल्या. चुकीबद्दल खेद आहे. – संपादक मंडळ*

चुकीचा आकडा पुन्हा लिहिला आहे, कारण त्याशिवाय वाचकाला काय बदलले ते कळत नाही. पण चूक एखाद्याची बदनामी करणारी किंवा खाजगी गोष्ट उघड करणारी असेल तर ती पुन्हा छापू नका. ‘पान १२ वरील लेखात एका व्यक्तीबद्दल केलेले विधान चुकीचे होते, ते आम्ही मागे घेत आहोत’ एवढे पुरे. त्या व्यक्तीला आधी जाऊन भेटा आणि शब्द दाखवा.

आता ही दुरुस्ती पोहोचवायची कशी? वार्षिकांक वर्षातून एकदाच निघतो, त्यामुळे ‘पुढच्या अंकात’ म्हणजे अनेक वाचक महाविद्यालय सोडून गेल्यावर. अंक वाटायच्या आधी चूक कळली तर छोट्या चिठ्ठीवर शुद्धिपत्र छापा आणि प्रत्येक प्रतीत त्याच पानात ठेवा. माणसाचे नाव चुकले असेल तर त्या जागी बरोबर नावाची चिकटपट्टी लावा. वाटून झाल्यावर कळली तर सूचनाफलकावर आणि अंक ज्या वर्गगटांत पाठवला त्याच गटांत लावा, ग्रंथालयातल्या आणि महाविद्यालयाच्या संग्रहातल्या प्रतीत चिठ्ठी चिकटवा, आणि पुढच्या अंकात पहिल्या दहा पानांत छापा. पीडीएफ असेल तर त्यात दुरुस्ती करा, पण गुपचूप बदलू नका: त्या पानाच्या तळाला ‘या अहवालातील गोण्यांची संख्या ३ एप्रिल २०२५ रोजी दुरुस्त केली’ असे लिहा. वेलांटी-उकाराच्या चुका पीडीएफमध्ये नुसत्या सुधारल्या तरी चालतात. अर्थ, आकडा, नाव किंवा श्रेय बदलणारी प्रत्येक दुरुस्ती मात्र नोंद करूनच.

शेवटचे काम परत त्याच एका कागदावर. शैलीपत्रकाच्या मागच्या बाजूला दुरुस्त्यांची वही ठेवा: चूक काय, कुणी दाखवली, ती आपल्या तीन वाचनांतून कशी निसटली, आणि त्यावरून शैलीपत्रकात कोणती नवी ओळ आली. गोण्यांच्या चुकीवरून आलेली ओळ अशी असेल: ‘मोजलेल्या वस्तूंची संख्या कुणी मोजली ते विचारणे. अंदाज असेल तर “सुमारे” लिहिणे, आणि तो आकडा शीर्षकात न घेणे.’ छायाचित्राच्या चुकीवरून आम्ही लिहिलेली ओळ अजून त्या कागदावर आहे: ‘छायाचित्रातील नावे डावीकडून, आणि त्यातल्या किमान एका व्यक्तीकडून तपासून.’ पुढच्या वर्षीच्या मंडळाला कोरा कागद देऊ नका. हाच द्या, मागच्या बाजूसकट.